लोणच्याचं तेल, अबोली पैठणी आणि शेजारच्या काकू

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितेय. नवी नवरी रेशमी साडीवर लोणच्याचं तेल सांडते आणि शेजारीण तिला मदत करते. शेजारीण लिंबू आणि सोडा लावून पाच मिनिटांत डाग घालवते असं मी लिहिलं होतं, पण मैत्रीण म्हणाली की असं होत नसतं. मग खरी जाणकार शेजारीण काय करेल? कथेत खपेल असं सांगा.

उत्तर:

मैत्रीण बरोबर आहे. पण सोड्याचा प्रसंग काढून टाकू नका. रेशमावरच्या हळदीला सोडा किंवा साबण लागला की पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होतो. कथेला यापेक्षा चांगली कलाटणी शोधून मिळणार नाही. फक्त ती शेवटी न येता मध्ये येईल, आणि शेजारणीच्या हातून न होता भलत्याच कुणाच्या तरी हातून होईल. (लिंबू आणि सोडा एकत्र केलं की फेस येतो, म्हणून लोकांना काहीतरी जबरदस्त चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना संपवतात आणि हाताशी खारट पाणी उरतं.)

मी नाशिकला रेशमी साड्यांचे डाग काढायचं, रफूचं आणि पॉलिशचं काम करतो. लोणच्याचे डाग श्रावणात आणि लग्नसराईत ठरलेले. म्हणून तुमची कथा माझ्या दुकानाच्या बाजूने कशी दिसते तेच लिहितो. पात्रं माझ्या मनची आहेत, हवी तशी बदला.

आधी प्रसंग पक्का करा. मी पहिली मंगळागौर घेईन. त्या दिवशी पूजेनंतरचं जेवण न बोलता करायचा रिवाज आहे, आणि तेल सांडल्यावर नवरीला तोंडातून ‘अगंबाई’ सुद्धा काढता येत नाही ही कथेसाठी फार सोयीची गोष्ट आहे. शिवाय ज्येष्ठात घातलेलं कैरीचं लोणचं श्रावणापर्यंत चांगलं मुरलेलं असतं. फोडींनी खार सोडलेला असतो, हळद आणि तिखटाचा रंग तेलात पुरता उतरलेला असतो. नव्या लोणच्यापेक्षा मुरलेल्या लोणच्याचं तेल डागाच्या बाबतीत जास्त वाईट.

साडीचा रंगही विचार करून निवडा. मोरपंखी किंवा गडद हिरव्या पैठणीवर हळद दिसतच नाही, नुसता काळपट ओला ठिपका दिसतो. मोतिया रंगावर सगळंच दिसतं. मी अबोली अंग आणि जांभळे काठ घेतो, कारण फिकट अंग आणि गडद काठ म्हणजे पाण्याची भीती आपोआप आली. काठाचा रंग ओला होऊन अंगात उतरला तर तेलाचा डाग त्यापुढे काहीच नाही.

आता आपली नवरी सायली पाटावर बसलीय. शेजारच्या वशेळीने खुणेनेच लोणचं मागितलं. मधे ठेवलेली लोणच्याची सट सायलीने उचलली. सटीचं बूड तेलकट होतं, ती बोटांतून निसटली आणि दोनेक चमचे तेल सरळ मांडीवर, निऱ्यांच्या मधोमध. पैठणी सासरची, लग्नातली. समोर सासूबाई पुरणपोळ्या वाढतायत, त्यांचं लक्ष अजून गेलेलं नाही.

या क्षणी नवरी काय करते? कुणीही करतं तेच. डावा हात पदराकडे जातो, पुसायला. आणि इथेच शेजारच्या काकू येतात. त्या वाढायला मदत करत होत्या. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि सायलीचं मनगट धरलं. दुसरा हात खांद्यावर, उठू नकोस म्हणून. काकूंची पहिली मदत एवढीच असेल: तिला काही करू न देणं.

पुसलं की तेल आडवं पसरतं आणि धाग्यांत घुसतं. त्याहून वाईट म्हणजे रेशीम घासलं की त्याचे बारीक तंतू उठतात. तिथे कापड पांढरट, चमक गेलेलं दिसायला लागतं. डाग निघतो, पण ही उठलेली जागा पूर्वीसारखी होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या साड्यांत तेलाने बिघडलेल्यांपेक्षा घासून बिघडलेल्या जास्त असतात. आणि सायली लगेच उठली तर मांडीच्या खळग्यात साचलेलं तेल ओघळून काठापर्यंत जाईल.

काकूंनी स्वच्छ चमचा घेतला, त्याची कड कापडाला जेमतेम टेकवून वरचं तेल उचललं. कडेकडून मध्याकडे, म्हणजे डाग मोठा होत नाही. मोहरीची डाळ आणि मेथीचे कण चिमटीने काढले, दाबले नाहीत. मग निऱ्यांच्या वरच्या थराखाली हात घालून जुन्या धोतराची चौपदरी घडी सरकवली, आणि वर टाल्कम पावडर ओतली. शिंपडली नाही, ओतली, बोटभर थर होईल इतकी. पांढरी खडूची पूडही चालते. मैदा लोक वापरतात, पण तो दमट हवेत धाग्यांना चिकटतो आणि पुढे त्याला कीड लागते.

हे सगळं बोलणं न करता झालं. काकूंना मौन नव्हतं, पण त्याही बोलल्या नाहीत, कारण बोलल्या असत्या तर सासूबाईंनी वळून पाहिलं असतं. सायलीने मांडीवर पावडरचा ढीग घेऊन पुरणपोळी संपवली. हे दृश्य नक्की ठेवा. ते विनोदी आहे आणि शंभर टक्के बरोबरही आहे, कारण पावडरीला तेल ओढायला वेळ लागतो आणि त्या वेळात हलायचं नसतं.

जेवण आटोपल्यावर खोलीत. काकूंनी सांगितलं, “आधी पिना काढ सगळ्या. निऱ्या ओढू नकोस, मी धरते, तू कमरेतून सोड.” निऱ्या उघडल्या आणि सायलीला रडू फुटलं. सांडलं एकदा, डाग दिसले पाच. पहिला तळहाताएवढा, पुढचे लहान होत गेलेले, शेवटचा रुपयाएवढा. ठरावीक अंतरावर एकेक, एक डावीकडे कललेला, पुढचा उजवीकडे. निऱ्यांवर सांडलेल्या तेलाची ही खूण आहे. तेल एका थरातून दुसऱ्यात झिरपत जातं. माणसं पहिला मोठा डाग सांभाळतात आणि आतले लहान डाग महिन्याभराने घडी उघडल्यावर सापडतात. जुन्या तेलाला हवा लागून ते चिकट, पिवळट होतं, मग ते काढणं फार अवघड जातं. म्हणून सगळ्या निऱ्या उघडून उजेडात पाहणारी शेजारीण दाखवा. तिला काम येतं हे वाचकाला तेवढ्यावरूनच कळेल.

काकू येवल्याच्या, त्यांच्या वडिलांचा माग होता, एवढं एखाद्या वाक्यात टाका. मग त्या पदर उलटून पाहतील आणि म्हणतील, “हातमागाची आहे, बरं झालं.” हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. मशीनच्या साडीत मागे मोकळे धागे असले की तेल त्या धाग्यांवरून पळतं आणि डाग भलतीकडे उमटतो. इथे डाग पदरावर नाही, पण साडी कशी विणलीय हे पाहिल्याशिवाय जाणकार बाई तिला हात लावणार नाही.

साडी पलंगावर सपाट पसरली. प्रत्येक डागाखाली सुती कापड, वर पावडर. पहिल्या थराची पावडर पिवळी आणि ओलसर झाली होती, ती चमच्याने उचलून टाकली, नवी घातली. झटकायची नाही आणि ब्रशने तर मुळीच लोटायची नाही. हे असं पावडर कोरडी, पांढरी राहीपर्यंत चालतं, म्हणजे सहज एक रात्र. तुमच्या कथेत ती जागरणाची रात्र आहे. बाहेरच्या खोलीत झिम्मा, फुगड्या, उखाणे चाललेत. मधूनच काकू आत जातात, पावडर बदलतात आणि परत येऊन फुगडीला उभ्या राहतात. सायली गाणी म्हणतेय पण लक्ष आतल्या पलंगाकडे आहे. तुम्ही पाच मिनिटांत उरकत होतात ती जागा अशी रात्रभर ताणता येते.

आता सोडा. रात्री केव्हातरी नणंद खोलीत जाते. पावडर बाजूला सारून पाहते तर तेल बरंचसं गेलंय, पण पिवळा डाग तसाच आहे. याचं कारण तिला ठाऊक नाही. हळद हा नुसता डाग नव्हे, रंगही आहे. रेशीम हळदीने रंगवता येतं, दुसरं काही न घालता. पावडर तेल ओढते, तेलाबरोबर थोडा रंगही येतो, पण जो रंग धाग्याने धरला तो धरला. नणंदेला वहिनीसाठी वाईट वाटतं. ती भांड्यांचा साबण ओल्या बोटाला लावून सगळ्यात लहान डागावर फिरवते, आणि डाग रक्तासारखा लाल होतो.

तिची किंकाळी ऐकून सगळ्या आत येतात. सासूबाईंना साडीचं कळतं ते असं. इथे रडारड, आरोप, काय हवं ते घाला, फक्त काकूंना घाबरलेलं दाखवू नका. त्यांना हा लाल रंग माहीत आहे. कुठल्याही आल्कलीने, म्हणजे साबण, सोडा, चुन्यानेसुद्धा हळद लाल होते आणि आंबट लागलं की परत पिवळी होते. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते याच गुणावर. काकू म्हणतात, “काही झालेलं नाही. पांढरं व्हिनेगर आहे का घरात?” नणंद लिंबू आणायला धावते, काकू नको म्हणतात. लिंबाच्या रसात साखर आणि चोथा असतो, तो कापडावर राहतो आणि पुढे पिवळट डाग देतो.

पाण्याचं काहीही करायच्या आधी काकूंनी रंग तपासला. साडीच्या आतल्या टोकाशी, जो भाग कमरेत खोचला जातो तिथे, जांभळ्या काठावर ओला पांढरा रुमाल मिनिटभर दाबून धरला. रुमालावर फिकट जांभळं उमटलं. म्हणजे काठाजवळ पाणी न्यायचं नाही. डाग मांडीवरचे, काठापासून लांब, म्हणून पुढे जाता येत होतं. हे सासूबाईंनाही पटलं आणि त्या पहिल्यांदा गप्प झाल्या.

मग चमचाभर व्हिनेगर वाटीभर पाण्यात, त्यात मऊ सुती कापड बुडवून घट्ट पिळलेलं, आणि लाल डागावर नुसतं टेकवायचं, उचलायचं, पुन्हा टेकवायचं. लाल हळूहळू पिवळं झालं. त्यानंतर तसंच साध्या पाण्याचं पिळलेलं कापड, साबण आणि व्हिनेगर दोन्ही उचलून घ्यायला. ओल्या भागाची कड काकूंनी जवळजवळ कोरड्या कापडाने बाहेरच्या दिशेला विरवत नेली. नुसता ठिपका ओला करून सोडला तर वाळताना त्याची कडा उमटते, कारण साडीला लावलेली खळ पाण्याबरोबर सरकते आणि कडेला साचते. तेलाचा डाग गेला आणि पाण्याचं रिंगण राहिलं, अशी कापडं माझ्याकडे नेहमी येतात.

हेच हलकं, ओलसर टिपणं बाकीच्या चारही डागांवर केलं, साबण न लावता, आणि त्यातला एक डाग जरीच्या बुट्टीला लागलेला होता त्याकडे जास्त लक्ष दिलं. लोणच्यात मीठ आहे, कैरीचा आंबटपणा आहे. हा खार पावडरीने निघत नाही आणि ड्रायक्लीनिंगच्या द्रावकातही विरघळत नाही, तो फक्त पाण्याने जातो. राहिला तर जर काळी पडते, आणि ती लगेच नाही, काही आठवड्यांनी. दुकानात दिलेली साडी स्वच्छ होऊन येते, दिवाळीला काढतात तेव्हा बुट्टी काळवंडलेली असते आणि दोष ड्रायक्लीनरवर येतो. बुट्टीवर व्हिनेगर टाळायचं, नुसतं पिळलेलं कापड लावायचं, आणि लगेच कोरड्या कापडाने दाबून टिपायचं. मग साडी पंख्याखाली सावलीत वाळवायची. इस्त्री नाही. उष्णतेने उरलेलं तेल आणि रंग दोन्ही पक्के बसतात.

बुधवारी सकाळी काकूंनी साडी खिडकीशी धरली. तेल राहिलं असेल तिथून उजेड जास्त आरपार येतो, तेलकट कागदातून येतो तसा. दोन मोठ्या डागांत तो येत होता. म्हणजे घरचं काम संपलं, पुढचं दुकानाचं.

दुकानाचा प्रसंग थोडक्यात घ्या, पण दोन गोष्टी त्यात असू द्या. काकू प्रत्येक डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याचे मोठे, सैल टाके घालून नेतात, कारण वाळलेला डाग दुकानदाराच्या नजरेतून सुटू शकतो. आणि त्या सगळं सांगतात: लोणच्याचं तेल आहे, एका ठिकाणी साबण लागलाय, व्हिनेगरने टिपलंय, काठ रंग सोडतो. लोक हे लपवतात. डॉक्टरपासून आजार लपवण्याइतकंच ते बिनकामाचं आहे, कारण कशावर काय लावलंय हे माहीत नसेल तर आम्हाला अंदाजाने जावं लागतं. “पॉलिश करून टाका, नवी दिसेल,” असं सासूबाई म्हणाल्या तर काकूंनी नको म्हणावं. रोल पॉलिशमध्ये वाफ आणि खळ असते. डाग पूर्ण जाण्याआधी पॉलिश केलं तर तो कायमचा आत बसतो.

घरी पेट्रोल लावायची कल्पना मात्र कुठल्याही पात्राच्या तोंडी घालू नका, किंवा घातलीत तर काकूंकडून हाणून पाडा. पेट्रोलने तेल निघतं हे खरं आहे, म्हणूनच ती कल्पना जिवंत आहे. पण त्याच्या वाफा बंद खोलीत साचतात आणि शेजारच्या खोलीतल्या समईनेही पेट घेऊ शकतात. मंगळागौरीच्या घरात समई रात्रभर तेवत असते.

साडी परत आली तेव्हा तेल गेलेलं होतं. चार डाग दिसेनासे झाले होते. मोठ्या डागाच्या जागी फिकट पिवळी सावली होती. दुकानदाराने सांगितलं की तो रंग उडवायचं औषध आहे, पण त्याने अबोली रंगही उडू शकतो. असं सांगणारा दुकानदार प्रामाणिक समजा. काकूंनी औषध नको म्हटलं.

हळदीचा एकच मोठा दुबळेपणा आहे, तिला ऊन सोसत नाही. साडीचे रंगही उन्हाने उडतात, पण हळद बहुतेक रंगांच्या आधी उडते. या दोघांमधल्या फरकावर काकूंचा शेवटचा उपाय उभा आहे. काळ्या जाड कापडाला डागाच्या आकाराचं भोक पाडलं, ते साडीवर अंथरलं, म्हणजे फक्त सावलीएवढीच जागा उघडी. सकाळचं कोवळं ऊन, पंधरा मिनिटं, मग आत आणून बाजूच्या रंगाशी ताडून पाहायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अबोली रंग फिका पडायला लागलाय असं जरा जरी वाटलं की थांबायचं, पिवळं उरलेलं असलं तरी. घाई करणारा माणूस तासभर ऊन देतो आणि पिवळ्या डागाच्या जागी पांढुरका डाग घेऊन येतो. तो कुठल्याच दुकानात दुरुस्त होत नाही.

श्रावण असल्यामुळे ऊन मधेच येतं, मधेच सर कोसळते. साडी बाहेर आहे, पाऊस भरून आलाय, आणि ती उचलायला कोण धावतं हे तुमच्या कथेचं खरं वळण असू शकेल. माझ्या मते सासूबाईंनी धावावं. काकू त्या दिवशी घरी नसाव्यात, सायली कामावर गेलेली असावी, आणि सासूबाई पावडर कशी घालायची, टिपायचं कसं, काळं कापड का, हे सगळं बघून बघून शिकलेल्या असाव्यात. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडू नये.

डाग शंभर टक्के जाऊ देऊ नका. मोठ्या डागाची जागा नीट पाहिली तर थोडी पिवळसर राहील, आणि ते खरं आहे. काकू सायलीला साडी नेसवताना पहिली निरी नेहमीपेक्षा चार बोटं आधी घेतात, म्हणजे ती जागा आत जाते. साडी ठेवतानाही जुन्या मलमलीत गुंडाळतात आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडीची मोड बदलायला सांगतात, कारण पैठणीची जर एकाच मोडीवर तुटते. पुढच्या मंगळागौरीला सायली तीच साडी नेसते, आणि वाढपाच्या वेळी नणंद लोणच्याची सट दोन्ही हातांनी धरून, बूड फडक्याने पुसून, मगच तिच्यापुढे ठेवते.